साध्या उपयोगी अ‍ॅपची कमाई: जाहिरात, सबस्क्रिप्शन की एकरकमी खरेदी, हे कोणत्या क्रमाने ठरवावे

एकट्याने किंवा दोघांनी मिळून छोटे अँड्रॉइड अ‍ॅप बनवणारे लोक कमाईचा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी हातात घेतात, आणि मग एका संध्याकाळी बॅनर लावून तो सोडवून टाकतात. तीन महिन्यांनी खात्यात दोन-तीन डॉलर दिसतात, परीक्षणांत एक तारा दिसतो, आणि घाईघाईने महिन्याला पैसे घेणारे सबस्क्रिप्शन चढवले जाते. चूक सहसा मार्ग निवडण्यात नसते, क्रमात असते. वापर कसा होतो हे मोजण्याआधीच कमाईचा मार्ग ठरवलेला असतो.

हा लेख एकाच उदाहरणावर चालवला आहे. ऑनलाइन अर्जांसाठी फोटो आणि सही हव्या त्या आकारात आणून देणारे अ‍ॅप आपण घेऊ. बँक भरतीच्या अर्जांत साधारणपणे फोटो 200 × 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी, तर सही 140 × 60 पिक्सेल आणि 10 ते 20 केबी अशी मागणी असते. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, म्हणून असे अ‍ॅप लागते. सगळे काम फोनवरच होते, सर्व्हर लागत नाही, लॉगिन लागत नाही. युनिट बदलणारे, पीडीएफ जोडणारे किंवा रिक्षाचे भाडे काढणारे अ‍ॅप असेल, तरी क्रम हाच राहील. आकडे मात्र आपले आपण भरावेत.

## टप्पा 1: चार आठवडे काहीही न लावता मोजणी

पहिले चार आठवडे अ‍ॅप पूर्ण मोफत आणि जाहिरातीविना ठेवावे. या काळात एकच गोष्ट मोजायची: वापरकर्त्याचे मूळ काम किती वेळा पूर्ण झाले. आपल्या उदाहरणात ते म्हणजे तयार फोटो फोनमध्ये सेव्ह होणे. अ‍ॅप किती वेळा उघडले किंवा कोणत्या पडद्यावर किती वेळ गेला, हे आकडे पाहायला बरे वाटतात, परंतु या निर्णयाला त्यांचा फारसा उपयोग नाही. फायरबेस किंवा तत्सम साधनात `photo_saved` अशी एक घटना नोंदवली की पुरे. मात्र प्ले कन्सोलमधील डेटा सेफ्टीच्या अर्जात ती नोंद जाहीर करायला विसरू नये.

नवीन वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. त्या चाचणीचे आकडे मोजणीत धरू नयेत. ते आपले मित्र आणि नातेवाईक असतात, आणि त्यांना त्या पंधरवड्यात कोणताही अर्ज भरायचा नसतो.

आता मोजणी वाचायची कशी ते पाहू. समजा, 28 दिवसांत 5,000 जणांनी अ‍ॅप वापरले आणि एकूण 24,200 फोटो सेव्ह झाले. सरासरी माणशी पाच फोटो. ही सरासरी पाहून बहुतेक जण म्हणतील की लोक अ‍ॅप अधूनमधून वापरतात, तेव्हा जाहिरात लावावी. पण हेच आकडे गटांत फोडले तर चित्र असे दिसू शकते:

- 4,300 जणांनी प्रत्येकी सरासरी दोन फोटो सेव्ह केले, म्हणजे एक फोटो आणि एक सही. हे विद्यार्थी, अर्ज भरला की अ‍ॅप काढून टाकतात.
- 600 जणांनी सरासरी सहा. घरात दोन-तीन मुले असलेले पालक, क्लासमधले शिक्षक.
- 100 जणांनी सरासरी 120.

सरासरी पाच असली तरी पाच फोटो काढणारा माणूस या यादीत जवळजवळ नाहीच. आणि शेवटचे 100 जण संख्येने दोन टक्के असले तरी एकूण कामापैकी निम्मे काम त्यांच्याकडून होते. निर्णय ज्यांच्यावर ठरणार आहे ते हेच लोक, आणि सरासरीत ते दिसत नाहीत.

तपासणी: गटवार तक्ता हातात नसेल तर पुढे जाऊ नये. वापरकर्ते 500 पेक्षा कमी असतील तर आणखी चार आठवडे थांबावे, कारण इतक्या कमी संख्येत मोठा वापर करणारे पाच आहेत की पंधरा, हे निव्वळ योगायोगावर ठरते.

## टप्पा 2: मोठा वापर करणाऱ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहणे

आकडा किती वापर आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. त्यासाठी एक दिवस काढून बाहेर पडावे लागते. उदाहरणातले ते 100 जण कोण असावेत याचा अंदाज मुंबईत राहणाऱ्याला लगेच येईल: झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने.

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या एका गल्लीतील अशा दुकानात मी दुपारभर स्टुलावर बसून होतो. काउंटरमागच्या काकांनी समोरच्या मुलीचा फोटो आपल्या फोनवर काढला, मग वरून पट्टी खाली ओढली, मोबाइल डेटा बंद केला, आणि नंतर अ‍ॅप उघडले. फोटो कापला, सेव्ह केला, डेटा पुन्हा चालू केला आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानातल्या संगणकावर पाठवला. प्रत्येक गिऱ्हाइकामागे हाच क्रम. त्या अ‍ॅपमध्ये तेव्हा जाहिराती होत्या. विचारल्यावर म्हणाले, "अहो, मध्येच जाहिरात लागली की पोरं विचारतात, काका, माझा फोटो गेला का? त्यापेक्षा नेटच बंद करतो."

या एका हालचालीतून दोन गोष्टी कळतात. सर्वांत जास्त वापर करणाऱ्या माणसापर्यंत जाहिरात पोचतच नव्हती, म्हणजे जाहिरातीच्या हिशेबातून निम्मा वापर वजा करायला हवा होता. आणि जाहिरात टाळण्यासाठी तो दिवसभर हाताला त्रास करून घेत होता, म्हणजे त्या त्रासाला त्याच्या लेखी किंमत होती.

बसल्या बसल्या आणखी एक दिसले. काका तोच फोटो नंतर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेऊन 4 × 6 इंचाच्या कागदावर आठ पासपोर्ट फोटोंचा ताव तयार करत होते. 35 × 45 मिलिमीटरचे फोटो त्या कागदावर चार-चारच्या दोन ओळींत बसतात. ही सोय आपल्या अ‍ॅपमध्ये नव्हती. पैसे कशाचे घ्यावेत, या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

## टप्पा 3: चालू खर्च लिहून काढणे

हा टप्पा छोटा आहे, परंतु सबस्क्रिप्शन योग्य की अयोग्य हे तोच ठरवतो. एका वापरकर्त्यामागे दर महिन्याला आपल्या खिशातून काही जाते का, एवढेच पाहायचे.

फोटो फोनवरच लहान होत असेल तर उत्तर शून्य आहे. समजा उद्या फोटोची पार्श्वभूमी पांढरी करण्याची सोय आणली, ती बाहेरच्या सशुल्क सेवेतून घेतली, आणि तिचा दर फोटोमागे दीड रुपया धरला. महिन्याला 120 फोटो काढणारा दुकानदार आपल्याला 180 रुपयांना पडतो. त्याच्याकडून एकदाच 149 रुपये घेतले असतील तर पहिल्याच महिन्यात तोटा. महिन्याला 29 रुपयांचे सबस्क्रिप्शन असेल तर तोटा दर महिन्याला. अशा वेळी या दोन्ही मार्गांऐवजी फोटोंचे पॅक विकावे. 100 फोटोंचा पॅक 249 रुपयांना विकला, तर 15 टक्के शुल्क जाऊन सुमारे 212 रुपये हाती येतात, खर्चाचे 150 गेले की 60 च्या आसपास उरतात.

इशारा: "पुढे कधीतरी क्लाउड बॅकअप देऊ" या आशेवर आज सबस्क्रिप्शन लावू नये. खर्च प्रत्यक्ष सुरू होईल त्या दिवशी, त्या सोयीपुरते ते लावता येते.

## टप्पा 4: ज्या निर्णयांतून मागे फिरता येत नाही ते आधी पाहणे

प्ले स्टोअरवर एकदा मोफत दिलेले अ‍ॅप नंतर विकत घेण्याचे अ‍ॅप करता येत नाही. त्यासाठी नव्या पॅकेज नावाने नवे अ‍ॅप चढवावे लागते, आणि जुनी परीक्षणे, जुनी डाउनलोड संख्या मागेच राहते. म्हणून या लेखात "एकरकमी खरेदी" म्हणजे मोफत अ‍ॅपच्या आत एकदाच पैसे भरून उघडणारी सोय, असाच अर्थ घ्यावा. अ‍ॅपलाच किंमत लावणे साध्या उपयोगी अ‍ॅपसाठी मला जवळजवळ कधीच पटत नाही. शोधयादीत शेजारीच दहा मोफत अ‍ॅप असताना, न पाहिलेल्या गोष्टीचे पैसे कोणी आधी भरत नाही.

आतल्या उत्पादनाला दिलेला आयडी नंतर बदलता येत नाही आणि पुन्हा वापरताही येत नाही. त्यामुळे `pro_149` असा किमतीसकटचा आयडी देऊ नये. किंमत बदलते, आयडी तसाच राहतो. `shop_unlock` असे काही ठेवावे.

तिसरी गोष्ट घराशी संबंधित आहे. वैयक्तिक खात्यावरून कमाई सुरू केली की प्ले स्टोअरच्या पानावर डेव्हलपरचा पूर्ण पत्ता दिसू लागतो. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या खोलीचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल, तर संस्था म्हणून खाते काढायचे की नाही, हा विचार पहिली विक्री होण्याआधी करावा.

## टप्पा 5: तिन्ही मार्गांचा हिशेब एकाच वहीत

आता टप्पा 1 मधले गट घेऊन बसावे. खालच्या हिशेबातले जाहिरातीचे दर आणि खरेदीचे प्रमाण मी गणितापुरते धरले आहे. आपण स्वतःचे आकडे घालावेत, आणि माहीत नसतील तेव्हा वाटते त्याच्या निम्मे धरावेत.

जाहिरात. पहिल्या दोन गटांनी महिन्याला मिळून सुमारे 7,400 वेळा अ‍ॅप उघडून काम केले असे धरू. प्रत्येक वेळी काम संपल्यावर पूर्ण पडद्याची एक जाहिरात दाखवायची. काही वेळा जाहिरात येत नाही, काही वेळा नेट नसते, म्हणून 6,000 धरू. हजार जाहिरातींना 50 रुपये मिळाले तर 300 रुपये. बॅनर 14,000 वेळा दिसला आणि हजाराला 8 रुपये मिळाले तर 112. एकूण महिना 412 रुपये. तिसरा गट डेटा बंद करून बसतो, तो यात धरलेलाच नाही.

अ‍ॅडमॉबचे पैसे बँकेत येण्यासाठी खात्यात 100 डॉलर साठावे लागतात. ते 8,000 रुपयांच्या वर जातात, म्हणजे या गतीने पहिली रक्कम हाती यायला वीस महिने लागतील. त्याआधी 10 डॉलर झाल्यावर पत्त्याची खात्री करण्यासाठी पिन असलेले पत्र टपालाने येते. पत्ता चुकला असेल तर तेही अडकते. जाहिरातीने पैसे मिळत नाहीत असे मी म्हणत नाही. रोज उघडले जाणारे, लाखभर लोकांचे अ‍ॅप असेल तर हाच हिशेब उलटा येतो. महिन्यातून एकदा उघडून काढून टाकल्या जाणाऱ्या अ‍ॅपला मात्र जाहिरात दाखवायला वेळच मिळत नाही.

एकरकमी खरेदी. किंमत 149 रुपये ठेवली. वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर गूगल प्लेचे शुल्क 15 टक्के धरता येते, त्यासाठी प्ले कन्सोलमध्ये नोंदणी करावी लागते. शुल्क वजा जाता, कर बाजूला ठेवून, 126.65 रुपये राहतात. पहिल्या महिन्यात दुकानदारांपैकी 15 आणि मधल्या गटातील 6 जणांनी घेतले तर 21 खरेदी, म्हणजे सुमारे 2,660 रुपये.

इथे नेहमीची चूक होते: या रकमेला बाराने गुणले जाते. पहिल्या महिन्यात आधीपासून साठलेले दुकानदार घेतात. दुसऱ्या महिन्यापासून फक्त नवे येतात. महिन्याला पाच नवे धरले तर 633 रुपये, आणि वर्षाचे मिळून साधारण 9,600. जाहिरातीचे वर्षाचे 4,944 होत होते.

सबस्क्रिप्शन. महिन्याला 29 रुपये, शुल्क जाऊन 24.65. एकरकमी खरेदीइतके, म्हणजे 126.65 रुपये मिळायला एका माणसाने सहावा हप्ता भरेपर्यंत टिकले पाहिजे. विद्यार्थी सहा महिने टिकणार नाही, हे उघड आहे. दुकानदाराचे काम हंगामी असते. दहावी-बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची गर्दी, मग एखादी मोठी भरती, मधले महिने थंड. थंड महिन्यात पैसे कापल्याचा मेसेज आला की तो रद्द करतो. वर्षभर सरासरी 15 जण टिकले तर 4,437 रुपये.

भारतात आणखी एक बाब आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी सुरुवातीला ग्राहकाची वेगळी संमती लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना द्यावी लागते. यूपीआय ऑटोपेने नोंदणी सोपी झाली असली तरी कपातीची आठवण येतेच. ग्राहकासाठी हे चांगलेच आहे. परंतु "विसरून भरत राहतील" या गृहीतकावर सबस्क्रिप्शनचा हिशेब बेतलेला असेल, तर तो इथे चालत नाही.

तपासणी: आपल्या वहीतला सर्वांत चांगला मार्ग दुसऱ्यापेक्षा दीडपटही पुढे नसेल, तर ज्याला कमी देखभाल लागते तो घ्यावा. सबस्क्रिप्शनमध्ये पैसे अडकणे, मुदत, रद्द होणे, पुन्हा सुरू होणे, हे सगळे सांभाळावे लागते, आणि त्याबद्दलचे ई-मेल रविवारी येतात.

आपल्या उदाहरणात निर्णय स्पष्ट आहे: एकरकमी खरेदी, आणि हवी असेल तर तिच्या जोडीला मोफत वापरणाऱ्यांसाठी अगदी थोडी जाहिरात.

## टप्पा 6: कशाचे पैसे घ्यायचे आणि कशाचे नाही

मूळ काम कधीही बंद करू नये. अर्जाची शेवटची तारीख आज रात्री 11.59 ची आहे, मुलीने फोटो कापला आहे, आणि सेव्ह करताना "149 रुपये भरा" असे आले, तर ती एक तारा देऊन दुसरे अ‍ॅप उघडते. तिच्याकडून तसेही पैसे मिळणार नव्हते. आता तिचे परीक्षण वाचून दुकानदारही येणार नाहीत.

म्हणून फोटो आणि सही हव्या त्या केबीत सेव्ह करणे सर्वांना मोफत, कितीही वेळा. दिवसाला तीन अशी मर्यादा घालण्याचा मोह होतो, पण दुकानदार ती अ‍ॅपचा डेटा पुसून किंवा दुसऱ्या फोनवरून सहज चुकवतो. पैशाच्या बाजूला फक्त दुकानाच्या कामाच्या सोयी ठेवाव्यात: आठ फोटोंचा ताव, अनेक फोटो एकदम लहान करणे, नेहमीच्या अर्जांची मापे नावाने साठवून ठेवणे, आणि जाहिरात नसणे. फोटोमागे गिऱ्हाइकाकडून 20 रुपये घेणाऱ्या दुकानदाराचे 149 रुपये आठ गिऱ्हाइकांत वसूल होतात. खरेदीच्या पडद्यावर सोयींची लांबलचक जाहिरात करण्यापेक्षा तयार तावाचे चित्र दाखवावे.

खरेदीचा पडदा कधी दाखवायचा हेही ठरवावे लागते. मी तो दोनच ठिकाणी ठेवतो: ताव बनवण्याचे बटण दाबल्यावर, आणि एकाच दिवशी दहावा फोटो सेव्ह झाल्यावर एकदाच.

## टप्पा 7: जाहिरात लावायचीच असेल तर तिची जागा

पूर्ण पडद्याची जाहिरात अ‍ॅप उघडताना किंवा बंद करताना दाखवू नये. ते धोरणाविरुद्ध आहे. सेव्हचे बटण दाबताक्षणीही दाखवू नये. आधी फोटो सेव्ह व्हावा, "फोटो गॅलरीत आला आहे" हे दिसावे, आणि वापरकर्ता पुढच्या कामाकडे वळेल तेव्हा जाहिरात यावी.

माझ्या पहिल्या अ‍ॅपमध्ये बॅनर सेव्हच्या बटणाला अगदी चिकटून होता. पहिल्या आठवड्यात क्लिकचे प्रमाण पाहून मी खूश झालो. पुढच्या आठवड्यात खात्यावर जाहिराती मर्यादित केल्याची सूचना आली, कारण ते क्लिक चुकून होत होते. क्लिकचे प्रमाण अचानक वाढले तर आनंद मानण्याआधी अंगठा कुठे पडतो ते पाहावे.

स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करू नये, घरच्यांनाही करू देऊ नये. चाचणीसाठी गूगलने दिलेला आयडी वापरावा. पूर्ण पडद्याच्या जाहिरातीसाठी तो असा आहे:

```
ca-app-pub-3940256099942544/1033173712
```

प्रकाशित करण्याआधी तो बदलून स्वतःचा घालावा. हे विसरल्याने महिनाभर चाचणीच्याच जाहिराती दाखवत बसलेले लोक मला माहीत आहेत. अ‍ॅप युरोपात उपलब्ध ठेवले तर तिथल्या वापरकर्त्यांची जाहिरातीसाठीची संमती वेगळी घ्यावी लागते. गरज नसेल तर सुरुवातीला देशांच्या यादीत फक्त भारत ठेवावा.

## टप्पा 8: खरेदी जोडणे आणि मोडून पाहणे

प्ले बिलिंग जोडण्याची कृती तिच्या दस्तऐवजांत आहे. इथे फक्त जिथे लोक चुकतात त्या जागा घेतो.

पहिली चूक पैसे प्रलंबित असतानाच सोय उघडण्याची. काही पद्धतींत पैसे भरण्याची क्रिया सुरू होते, पण रक्कम काही वेळाने पोचते किंवा पोचतच नाही. तोवर खरेदीची अवस्था `PENDING` असते. तेव्हा सोय उघडायची नाही, आणि "खरेदी झाली नाही" असेही म्हणायचे नाही, नाहीतर माणूस घाबरून पुन्हा पैसे भरायला जातो.

दुसरी चूक पोच न देण्याची. खरेदी पूर्ण झाल्यावर अ‍ॅपने तीन दिवसांत तिची पोच दिली नाही, तर पैसे आपोआप परत जातात आणि सोय काढून घेतली जाते. डेव्हलपरला वाटते की ग्राहकांनी पैसे परत मागितले, आणि ग्राहकाला वाटते की आपली फसवणूक झाली.

```kotlin
when (purchase.purchaseState) {
    Purchase.PurchaseState.PURCHASED -> {
        unlockShop()
        if (!purchase.isAcknowledged) acknowledge(purchase)
    }
    Purchase.PurchaseState.PENDING -> showPendingMessage()
}
```

तिसरी चूक, कायमची सोय "खर्च झाली" म्हणून नोंदवण्याची. `consumeAsync` हे फोटोंच्या पॅकसारख्या, संपणाऱ्या वस्तूंसाठी आहे. कायमच्या सोयीवर ते चालवले तर ग्राहकाच्या खात्यावर खरेदीची नोंद उरत नाही, आणि फोन बदलला की त्याचे पैसे गेले.

फोन बदलणे दुकानांत नेहमीचे आहे. शिवाय मालकाचा एक फोन आणि मुलाचा दुसरा असतो. अ‍ॅप पुढे येईल तेव्हा दर वेळी `queryPurchasesAsync` चालवून खरेदी तपासावी, आणि सेटिंगमध्ये "खरेदी परत मिळवा" असे बटण ठेवावे. त्याखाली एक ओळ लिहावी: ज्या गूगल खात्यावरून पैसे भरले, त्याच खात्याने प्ले स्टोअरमध्ये प्रवेश करा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या एका ओळीने थांबल्या.

तपासणी: प्ले कन्सोलमध्ये स्वतःचे खाते परवानाप्राप्त परीक्षक म्हणून नोंदवावे, म्हणजे खरे पैसे न जाता खरेदी करता येते. `Slow test card, approves after a few minutes` हे चाचणी-कार्ड निवडून प्रलंबित अवस्था पाहावी. मग पोच देण्याची ओळ मुद्दाम काढून खरेदी करावी. चाचणीत तीन दिवसांऐवजी तीन मिनिटांतच ती रद्द होते. शेवटी अ‍ॅप काढून पुन्हा टाकावे आणि सोय आपोआप उघडते का ते पाहावे.

इशारा: दुकानदार म्हणेल, "जीपे करतो, कोड पाठवा." पाठवू नये. अ‍ॅपच्या आतल्या सोयीचे पैसे प्लेच्या बिलिंगमधून किंवा तिने मान्य केलेल्या पर्यायी बिलिंग कार्यक्रमातूनच घ्यायचे असतात. क्यूआर कोडने घेतलेल्या चार खरेद्यांसाठी अख्खे अ‍ॅप काढले जाऊ शकते.

## टप्पा 9: कर

भारतातील डेव्हलपरने भारतातील ग्राहकाला केलेल्या विक्रीवरील जीएसटीची जबाबदारी डेव्हलपरचीच असते. गूगल ती आपल्या वतीने भरत नाही. जाहिरातीचे उत्पन्न आणि विक्रीचे उत्पन्न कागदोपत्री वेगळ्या प्रकारचे असते, आणि विक्रीच्या रकमेतून आधीच काही कर कापलेला असू शकतो. पहिली विक्री होण्याआधी सीएकडे अर्धा तास बसावे आणि दोन्हींचे महिनावार अहवाल त्यांना कोणत्या नमुन्यात हवेत ते विचारून घ्यावे. मार्चअखेरीस बसलात तर तेच काम तीन दिवसांचे होते.

## टप्पा 10: सुरू केल्यावर आठ आठवडे काय पाहायचे

किंमत पहिल्या आठवड्यात बदलू नये. आधी खरेदीचा पडदा किती दुकानदारांना दिसला ते पाहावे. 100 पैकी 90 जणांना तो दिसलाच नसेल तर दोष किमतीचा नाही, जागेचा आहे. दिसला आणि बटण दाबले, पण खरेदी पूर्ण झाली नाही, तर पैसे भरण्याच्या वाटेत अडचण आहे. प्रलंबित खरेद्या किती अडकल्या ते तपासावे. दिसला आणि कोणी बटणच दाबले नाही, तर सोय चुकीची निवडली आहे, आणि पुन्हा टप्पा 2 मधल्या स्टुलावर जाऊन बसावे लागेल.

पुढे खरोखर चालू खर्चाची सोय आणली आणि तिच्यासाठी सबस्क्रिप्शन किंवा पॅक लावला, तर आधी 149 रुपये भरलेल्यांची एकही जुनी सोय त्यामागे ढकलू नये. त्यांच्या खात्यावरील `shop_unlock` ची खरेदी तपासणारा कोड नव्या आवृत्तीतही राहिला पाहिजे, आणि जुन्या खरेदीच्या खात्यावरून नवी आवृत्ती टाकून ताव अजून निघतो का, हे प्रकाशनाच्या प्रत्येक वेळी हाताने पाहिले पाहिजे.